दान पडलं, मांडायचं कुठे?

याट्झी खेळायला बसलेल्या चार जणांकडे पाहिलं, तर खेळ कोणाला कळलाय हे पहिल्या दोन-तीन पाळ्यांतच ओळखता येतं. नवखा फासे टाकतो आणि फाशांकडे बघत बसतो. मुरलेला खेळाडू फाशांवर एक नजर टाकतो आणि लगेच कागदाकडे वळतो. कुठले रकाने रिकामे आहेत, वरची बेरीज कुठवर आली, किती पाळ्या उरल्यात हे पाहून मगच तो फासे उचलतो. पडणारं दान कोणाच्याच हातात नसतं. कुठले फासे ठेवायचे आणि आलेलं दान कुठल्या रकान्यात मांडायचं, एवढंच आपल्या हातात असतं. खेळाचं सगळं कसब या दोन निर्णयांत आहे आणि त्यामागचं गणित शाळेतल्या अपूर्णांकांपलीकडे जात नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी नियम. अमेरिकेत ई. एस. लो यांनी १९५६ साली हा खेळ बाजारात आणला. १९७३ मध्ये त्यांची कंपनी मिल्टन ब्रॅडलीने विकत घेतली आणि पुढे मिल्टन ब्रॅडलीच हॅस्ब्रोकडे गेली. लागतात फक्त पाच फासे, कागद आणि पेन्सिल. प्रत्येक पाळीत तीनदा फेकता येतं. पहिल्या फेकीत पाचही फासे टाकायचे. त्यातले हवे तेवढे बाजूला ठेवून उरलेले पुन्हा टाकायचे, आणि वाटलं तर तिसऱ्यांदाही. तिसऱ्या फेकीनंतर जे समोर असेल ते कागदावरच्या एका रिकाम्या रकान्यात मांडावंच लागतं. दान कुठेच बसत नसेल, तर एखाद्या रकान्यात शून्य लिहायचं. असे तेरा रकाने, म्हणून तेरा पाळ्या. एकदा भरलेला रकाना बदलता येत नाही.

कागदाच्या वरच्या भागात सहा रकाने असतात: एक्के, दुऱ्या, तिऱ्या, चौके, पंजे आणि छक्के. छक्क्यांच्या रकान्यात फक्त सहाचे फासे मोजायचे. तीन छक्के असतील तर १८, बाकीच्या दोन फाशांचं काहीच नाही. या सहा रकान्यांची बेरीज ६३ किंवा जास्त झाली, की ३५ गुणांचा बोनस. खालच्या भागात सात रकाने. थ्री ऑफ अ काइंडला तीन फासे सारखे लागतात आणि फोर ऑफ अ काइंडला चार. दोन्हींत पाचही फाशांची बेरीज मिळते. तीन एकसारखे आणि दोन एकसारखे म्हणजे फुल हाउस, २५ गुण. चार ओळीने आले तर स्मॉल स्ट्रेट, ३० गुण. पाच ओळीने आले तर लार्ज स्ट्रेट, ४० गुण. पाचही सारखे म्हणजे याट्झी, ५० गुण. शेवटचा रकाना चान्सचा. त्याला कसलीही अट नाही, पडेल ती बेरीज लिहायची.

हट्ट धरला तर पस्तीस, सोडला तर चौऱ्याहत्तर

समजा, तुम्हाला चौकेच हवे आहेत. दुसरं काही नको, तीन फेकींत तीन चौके झाले पाहिजेत. प्रत्येक फाशाला तीन संधी मिळतात, कारण चौका आला की तो बाजूला ठेवून बाकीचे पुन्हा टाकायचे. एका फाशाने तिन्ही वेळा हुलकावणी देण्याची शक्यता पाच षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश, म्हणजे शंभरात सुमारे ५८. उरलेल्या ४२ वेळा तो चौका होतो. पाच फासे आहेत, तेव्हा सरासरी २.१ चौके मिळतात. तीन किंवा त्याहून जास्त चौके होण्याची शक्यता मात्र शंभरात फक्त ३५.

आता हट्ट सोडा. पहिल्या फेकीत ज्या आकड्याचे फासे जास्त पडतील तो आकडा धरा, दुसऱ्या फेकीत वेगळ्या आकड्याने आघाडी घेतली तर त्याच्याकडे वळा. कुठलाही आकडा चालेल, तीन सारखे झाले की पुरे. ही शक्यता शंभरात ७४ आहे.

फासे तेच आणि फेकीही तेवढ्याच. तरी यश दुपटीहून जास्त, कारण दुसऱ्या खेळाडूने काय मागायचं हे फासे पडायच्या आधी ठरवलं नाही. सुरुवातीला सगळे रकाने रिकामे असतात तेव्हा ही मोकळीक पुरेपूर असते. एकेक रकाना भरत जातो तशी ती आटत जाते आणि शेवटच्या पाळीला एकच रकाना उरला, की आपल्याला सक्तीने हट्टी व्हावं लागतं. म्हणून रकाना भरताना या पाळीत किती गुण मिळाले एवढंच बघून भागत नाही. हा रकाना बंद झाल्यावर पुढच्या पाळ्यांना कुठल्या वाटा उरतात तेही बघावं लागतं.

नवखे नेमकं उलटं करतात. पहिल्या पाळीपासून ‘आधी छक्के भरून टाकू, मोठे गुण आहेत’ म्हणतात आणि २-२-५-३-६ पडल्यावर दोन दुऱ्या उचलून एकटा छक्का ठेवतात. दोन फेकी शिल्लक असताना हातात जोडी असेल, तर ती तीन किंवा जास्त होण्याची शक्यता शंभरात ६६ हून थोडी जास्त, म्हणजे तीनांतून दोनदा. एकट्या छक्क्याला तेवढी मजल मारता येत नाही. दुऱ्या लहान दिसतात, पण दुऱ्यांचा रकाना कधीतरी भरायचाच आहे. तो तीन दुऱ्यांनी भरला तर त्या रकान्याचं काम झालं.

त्रेसष्ट हा आकडा कुठून आला

वरच्या सहा रकान्यांत प्रत्येकी तीन फासे धरले तर ३ + ६ + ९ + १२ + १५ + १८, एकूण ६३. बोनसची अट म्हणजे ‘सरासरीने प्रत्येकाचे तीन’. हे लक्षात ठेवलं की हिशेब सोपा होतो. प्रत्येक रकाना भरताना तीनच्या मानाने आपण किती पुढे किंवा मागे आहोत एवढंच मोजत जायचं. चार छक्के मांडले तर सहा पुढे. एक्क्यांत एकच फासा मिळाला तर दोन मागे. दुऱ्यांत दोनच मिळाल्या तर आणखी दोन मागे. तरीही एकूण दोन पुढेच. एका चौथ्या छक्क्याने एक्के आणि दुऱ्या दोन्हींची तूट भरून काढली.

बोनसच्या वाटेत दोन चुका नेहमी दिसतात. पहिली मोठ्या आकड्यांची. खेळ नुकता सुरू झालाय आणि ६-६-६-५-२ पडलं. थ्री ऑफ अ काइंडमध्ये मांडलं तर २५ गुण, छक्क्यांत १८. २५ मोठे दिसतात म्हणून नवखा थ्री ऑफ अ काइंडमध्ये मांडतो. पण थ्री ऑफ अ काइंड पुढे कुठल्याही आकड्याने भरता येतं, पंज्यांनी आणि चौक्यांनीसुद्धा. छक्क्यांचा रकाना फक्त छक्क्यांनीच भरतो आणि ठरवून तीन छक्के पाडण्याची शक्यता शंभरात ३५ हे आपण पाहिलं. जे दुर्मीळ आहे ते हाती आलं की त्याच्या जागी ठेवावं. हे दान छक्क्यांत मांडायचं.

दुसरी चूक लहान आकड्यांची. २-२-२-५-६ पडलं. थ्री ऑफ अ काइंडमध्ये १७ होतात, दुऱ्यांत फक्त ६. पण अचूक खेळणाऱ्याला थ्री ऑफ अ काइंडमधून सरासरी एकवीस-बावीस गुण मिळतात, तेव्हा १७ हा तिथे घाट्याचा सौदा आहे. दुऱ्यांत ६ म्हणजे सरासरीहून जास्त, आणि बोनसची वाट जशीच्या तशी. रकान्यात किती गुण आले यापेक्षा त्या रकान्याच्या नेहमीच्या कमाईपेक्षा ते किती वर किंवा खाली आहेत, हे पाहायचं.

चान्सची किंमत किती

नेहमीची कमाई कशी काढतात हे चान्सच्या रकान्यावर नीट दिसतं, कारण तिथे प्रत्येक फासा स्वतंत्र असतो.

एक फासा टाकला तर सरासरी ३.५ मिळतात. आता समजा, एक फेक शिल्लक आहे आणि समोरच्या फाशावर ४ आहे. उचलला तर सरासरी ३.५ च मिळणार, तेव्हा ४ ठेवायचा. ३ असेल तर उचलायचा. म्हणजे शेवटची एक फेक उरली असताना ४, ५, ६ ठेवा आणि १, २, ३ उचला. असं खेळल्यावर एका फाशाचे सरासरी ४.२५ होतात. आता एक पायरी मागे जाऊ. पहिली फेक झालीय आणि दोन शिल्लक आहेत. समोर ४ आहे. उचलला तर पुढच्या दोन फेकींत सरासरी ४.२५ मिळणार, म्हणजे ४ पेक्षा जास्त! तेव्हा पहिल्या फेकीनंतर ४ सुद्धा उचलायचा, फक्त ५ आणि ६ ठेवायचे. असं केलं की एका फाशाचे सरासरी ४.६७ होतात आणि पाच फाशांचे २३.३.

यात दोन गोष्टी आहेत. एक, तोच ४ पहिल्या फेकीनंतर उचलायचा असतो आणि दुसऱ्या फेकीनंतर ठेवायचा. फासा चांगला की वाईट हे त्याच्यावरच्या ठिपक्यांवरून ठरत नाही, किती फेकी उरल्यात त्यावरून ठरतं. दोन, चान्सचा भाव तेवीस-चोवीस गुण आहे. तिसऱ्याच पाळीत १-१-२-४-६ असं काहीच न जुळलेलं दान आलं आणि तुम्ही ते चान्समध्ये १४ म्हणून टाकलं, तर १४ मिळवल्याचा आनंद फसवा आहे. नऊ-दहा गुणांचं नुकसान झालं आणि संकटकाळी उपयोगी पडणारा रकानाही गेला. हेच दान एक्क्यांत २ म्हणून मांडलं, तर एक्क्यांची सरासरी कमाई दोनच्या आसपासच असल्यामुळे जवळजवळ काहीच हरवत नाही.

एक डाव, दोन रकाने

आता हे सगळं एका प्रसंगात एकत्र पाहू. अकरा पाळ्या संपल्यात. दोन रकाने उरलेत, चौके आणि चान्स. याट्झीच्या रकान्यात आधीच शून्य लिहून झालंय, म्हणून तिकडची काही आशा नाही. वरच्या भागात चौके सोडून बाकी पाचांत बरोबर प्रत्येकी तीन फासे मिळालेत, बेरीज ५१. म्हणजे तीन चौके पडले की ६३ आणि ३५ चा बोनस.

बाराव्या पाळीची पहिली फेक: ४-४-५-६-६.

बेरीज २५. चान्ससाठी हे उत्तम दान आहे, सरासरीहून जास्त. मोह असा होतो की ५-६-६ ठेवावेत, दोन चौके पुन्हा टाकावेत आणि चान्स आणखी वाढवून चौके शेवटच्या पाळीवर सोडावेत. दुसरी वाट म्हणजे दोन चौके ठेवून ५-६-६ सारखे तीन भारी फासे उचलणं. हात धजावत नाही. पण हिशेब करू.

पहिली वाट. ५-६-६ म्हणजे १७. उरलेले दोन फासे दोन फेकींत सरासरी ४.२५ प्रमाणे ८.५ देतील. चान्समध्ये २५.५. मग शेवटच्या पाळीत फक्त चौके हवेत. सरासरी २.१ चौके, म्हणजे ८.४ गुण. तीन चौके होऊन बोनस मिळण्याची शक्यता शंभरात ३५, म्हणून बोनसचे सरासरी १२.४. या वाटेने दोन पाळ्यांचे एकूण सुमारे ४६ गुण.

दुसरी वाट. दोन चौके ठेवले, तीन फासे दोनदा टाकायचे. तीनांतून दोनदा किमान एक तरी चौका वाढतो. तसं झालं तर चौक्यांचे सरासरी १३.५, बोनसचे ३५ आणि शेवटच्या पाळीत चान्सचे २३.३, मिळून सुमारे ७२. उरलेल्या एका वेळी चौका येत नाही आणि हातात दोन चौके व तीन भलतेच फासे राहतात. पण तेव्हाही सगळं संपत नाही. ते दान चान्समध्ये सुमारे १८ म्हणून मांडायचं आणि शेवटच्या पाळीत चौक्यांसाठी नव्याने प्रयत्न करायचा. त्याचे सुमारे ३९. दोन्ही शक्यता त्यांच्या प्रमाणात धरल्या की या वाटेची सरासरी ६१ येते.

४६ विरुद्ध ६१, पंधरा गुणांचा फरक. चान्सचा रिकामा रकाना इथे सुरक्षेची जाळी झाला. चौके साधले तर तो पुढच्या पाळीसाठी उरतो, नाही साधले तर फसलेलं दान पोटात घेतो आणि चौक्यांना दुसरी संधी देतो. पहिल्या वाटेत ही जाळी आपणच आधी वापरून टाकतो आणि मग चौक्यांसाठी एकाच प्रयत्नावर अवलंबून राहतो.

खेळ पुढे नेऊ. दुसऱ्या फेकीत तीन फासे टाकले आणि तिन्ही छक्के पडले: ४-४-६-६-६. बेरीज २६, आणि एकच फेक शिल्लक. आता तरी थांबावं का? थांबलं तर चान्सचे २६ आणि शेवटच्या पाळीत चौक्यांचे बोनससह सरासरी २१, मिळून ४७ च्या आसपास. तिन्ही छक्के उचलून टाकले, तर किमान एक चौका येण्याची शक्यता शंभरात ४२. आला तर पुन्हा सत्तरीच्या वर, नाही आला तर ३९. सरासरी साडेबावन्न. म्हणजे तीन छक्केसुद्धा उचलायचे. शंभरातल्या ५८ वेळा हा निर्णय फसेल आणि शेजारी बसलेला म्हणेल, ‘कशाला हातचे घालवलेस?’ तरी निर्णय बरोबरच होता. या खेळात निकाल आणि निर्णय यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

आता या प्रसंगात एकच गोष्ट बदला. वरची बेरीज ५१ ऐवजी ४० धरा. पाचही चौके पडले तरी ६० च होतील, बोनस हातचा गेलेला. फासे तेच, ४-४-५-६-६. आता चौके धरले तर सुमारे ३५ आणि चान्स धरला तर ३४. जेमतेम एका गुणाचा फरक. पंधरा गुणांचा मोठा निर्णय एकदम किरकोळ झाला, आणि फाशांवर तर काहीच बदललं नव्हतं. बदल फक्त कागदावर झाला.

ओळीतले फासे

स्ट्रेटसाठी फासे ठेवताना एकच गोष्ट पाहायची, ओळ दोन्ही बाजूंनी मोकळी आहे का. २-३-४-५ हातात असेल तर १ किंवा ६ दोन्ही चालतात. एका फेकीत तीनांतून एकदा, दोन फेकींत नऊांतून पाच वेळा लार्ज स्ट्रेट होतो. १-२-३-४ असेल तर फक्त ५ चालतो, कारण एकच्या अलीकडे काही नाही. दोन फेकींत शक्यता शंभरात ३१ वर येते. ३-४-५-६ ची गतही तीच. स्मॉल स्ट्रेट हातात असताना आणि दोन्ही रकाने रिकामे असताना पाचवा फासा टाकायला मात्र कसलीच भीती नाही. चार फासे बाजूला ठेवलेत, ३० गुण कुठे जात नाहीत.

ओळ अजून जुळायची असेल तर ३ आणि ४ जपायचे. स्मॉल स्ट्रेट तीनच प्रकारे होतो, १-२-३-४, २-३-४-५ आणि ३-४-५-६, आणि तिन्हींत ३ आणि ४ असतातच. १ आणि ६ प्रत्येकी एकाच प्रकारात बसतात.

शून्य लिहायचं ते कुठे

चांगल्यातल्या चांगल्या खेळाडूच्या कागदावरही शून्य असतं. प्रश्न ते कुठे लिहायचं एवढाच. सुरुवातीला नापीक दानं एक्क्यांकडे वळवायची, आणि एक्के भरले असतील तर दुऱ्यांकडे. तिथे एक-दोन गुण मिळाले तरी पुरे.

डाव संपत आला की याट्झीचा रकाना हा उकिरडा होतो. तीन फेकींत पाचही सारखे येण्याची शक्यता शंभरात ४.६. शेवटच्या पाळीत त्या रकान्याची किंमत ५० च्या त्या प्रमाणात, म्हणजे फक्त २.३ गुण. त्या मानाने फुल हाउस तीन पाळ्यांतून एकदा किंवा थोडा जास्त साधतो, म्हणून त्याची किंमत नऊ गुण. लार्ज स्ट्रेट ठरवून खेळल्यास चारांतून एकदा साधतो, म्हणजे दहा. शेवटच्या दोन-तीन पाळ्यांत याट्झीचे ५० गुण डोळ्यांपुढे नाचतात म्हणून तो रकाना राखून फुल हाउसवर शून्य लिहिणं म्हणजे २.३ वाचवायला नऊ देणं.

पण हेच पहिल्या चार पाळ्यांत केलं तर मोठी चूक होते. तेव्हा तेरापैकी बहुतेक पाळ्या बाकी असतात आणि जोड्या-तिकड्यांचा पाठलाग करता करता याट्झी आपोआप पडू शकते. अचूक खेळणाऱ्याच्या कागदावर साधारण तीन डावांतून एकदा ५० लागतात. शिवाय मूळ नियमांप्रमाणे याट्झीच्या रकान्यात ५० असतील, तर पुढच्या प्रत्येक याट्झीला जादा १०० मिळतात. शून्य लिहिलं की ही वाटही बंद. तोच रकाना, सुरुवातीला राखायचा आणि शेवटी सोडायचा.

अचूक खेळ किती गुणांचा

हे सगळे हिशेब शेवटापासून सुरू होतात. एकच रकाना उरला असेल तेव्हा काय करावं हे नक्की काढता येतं. ते कळलं की दोन रकाने उरल्यावर काय करावं ते काढता येतं, आणि असं मागे मागे येत पहिल्या फेकीपर्यंत. कुठले रकाने भरलेत याचे ८१९२ प्रकार आणि वरच्या बेरजेचे ० ते ६३ असे ६४, एवढे दोनच धरले तरी सव्वापाच लाखांच्या आसपास स्थिती होतात. हातावर हे जमत नाही, संगणकाला जमतं. नेदरलँड्सच्या आइंडहोव्हन विद्यापीठातल्या टॉम व्हेर्होफ यांनी १९९९ च्या सुमारास आणि जेम्स ग्लेन यांनी २००६ मध्ये एकट्याने खेळायच्या याट्झीसाठी हा पूर्ण हिशेब मांडला. उत्तर असं की, प्रत्येक निर्णय अचूक असेल तर सरासरी २५४.५९ गुण मिळतात. त्यातही बोनस तीन डावांतून दोनदाच मिळतो. म्हणजे अचूक खेळणाऱ्याचाही बोनस एक तृतीयांश वेळा हुकतो.

या आकड्याला दोन मर्यादा आहेत. तो एकट्याच्या सरासरीचा आहे, समोरच्याला हरवण्याचा नाही. प्रतिस्पर्धी ६० गुणांनी पुढे असेल आणि एकच पाळी उरली असेल, तर सरासरी वाढवून काही उपयोग नाही. तिथे जे दान पडलं तर जिंकू, तेच मागायचं, मग ते शंभरात तीनदाच पडो. पुढे असाल तर उलट, कमी पण खात्रीचे गुण घ्यायचे. दुसरी मर्यादा नियमांची. नॉर्वे-स्वीडनकडे खेळल्या जाणाऱ्या यात्झीत पंधरा रकाने असतात, बोनस ५० चा असतो आणि स्ट्रेटला १५ व २० एवढेच गुण. तिथे बोनसचं वजन वाढतं आणि ओळींचं घटतं, तेव्हा वर दिलेले भाव तसेच्या तसे लावून चालणार नाही.

पुढच्या वेळी खेळायला बसाल तेव्हा एवढं करून पाहा. वरच्या रकान्यांत ‘प्रत्येकी तीन’च्या मानाने पुढे किती, मागे किती हे कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहीत जा. निम्मा डाव होईपर्यंत चान्सला हात लावू नका. आणि तिसरी फेक झाल्यावर ‘सगळ्यात जास्त गुण कुठे मिळतात’ असं न विचारता ‘कुठला रकाना गेल्याने सगळ्यात कमी नुकसान होतं’ असं विचारा. दान पूर्वीसारखंच पडेल, पण कागदावरची बेरीज वाढलेली दिसेल.